एकमेकांना मोटारीच विकायच्या, तर दोघांनी आपापल्या का बनवू नयेत?

त्रैराशिक (धागालेखक)

इंग्लंडने कापड द्यावं आणि पोर्तुगालने वाइन, हा रिकार्डोचा हिशोब सगळ्यांना पाठ असतो. ज्याला जे स्वस्तात जमतं ते त्याने करावं. पटतं. पण जर्मनी फ्रान्सला मोटारी विकते आणि फ्रान्स जर्मनीला मोटारीच विकतो, याचं काय करायचं? दोघांकडे भांडवल आहे, यंत्रं तीच, कारागीर तसेच, मजुरीत उन्नीस-बीस. म्हणजे एकाच हायवेवर मोटारी लादलेले दोन ट्रेलर समोरासमोरून जातात, आणि दोन्ही देशांचे अर्थमंत्री व्यापार वाढला म्हणून खूश होतात.

माझं मत असं की यातला निम्मा भाग ब्रँडचं खूळ आहे आणि उरलेला निम्मा फुकटचं डिझेल. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी खोडून काढावं. पण एक खरी केस घेऊन आणि आकड्यांनी. 'विविधतेमुळे ग्राहकाचं समाधान वाढतं' अशी गाइडछाप वाक्यं नकोत.

उंटावरचा शहाणा

पुण्याची बाकरवडी मुंबईला जाते आणि मुंबईचा वडापाव पुण्यात खपतो. झाला की व्यापार. धागा बंद करा.

त्रैराशिक

@उंटावरचा शहाणा, ते दोन वेगळे पदार्थ झाले. प्रश्न दोन बाकरवड्यांचा आहे.

विंडसरकर

खरी केस हवी असेल तर कॅनडा आणि अमेरिका यांच्या १९६५ च्या मोटार-कराराइतकी, म्हणजे ऑटो पॅक्टइतकी स्वच्छ दुसरी नाही. तिथे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही फोटो मिळतात.

आधीचा फोटो. कॅनडात तयार मोटारीवर १७.५ टक्के आयात शुल्क होतं. त्यामुळे डेट्रॉइटच्या कंपन्यांनी नदी ओलांडून ओंटारिओत कारखाने काढले आणि कॅनडात खपणाऱ्या बहुतेक गाड्या तिथेच बनवायला लागल्या. हे कारखाने अमेरिकन उद्योगाची लहान प्रतिकृती होते. बाजार अमेरिकेच्या साधारण एक दशांश, पण गिऱ्हाइकाला मॉडेलं मात्र तेवढीच हवीत. म्हणून एकाच छताखाली थोडीथोडी करून अनेक मॉडेलं काढायची. परिणाम असा की कंपनी तीच, यंत्रं तीच, तरी कॅनडात दर कामगारामागचं उत्पादन अमेरिकेपेक्षा सुमारे ३० टक्के कमी.

त्या काळात कॅनडातल्या पाँटिअ‍ॅक गाड्या वरून पाँटिअ‍ॅक आणि आतून शेव्हरोले असायच्या. दोन वेगळ्या चासी बनवण्याइतका खपच नव्हता, म्हणून शेव्हरोलेच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर पाँटिअ‍ॅकचं अंग चढवायचे. मीटिऑर, अकेडियन अशी नावं फक्त कॅनडासाठी काढलेली होती. लहान बाजार बंद ठेवला की इंजिनीअर लोकांना अशा तडजोडी कराव्या लागतात.

१९६२ मध्ये कॅनडाने अमेरिकेला मोटारी आणि सुटे भाग मिळून १.६ कोटी डॉलरचा माल विकला आणि अमेरिकेकडून ५१.९ कोटींचा घेतला. म्हणजे जवळजवळ एकतर्फी व्यापार.

१६ जानेवारी १९६५ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन यांनी टेक्ससमधल्या जॉन्सन यांच्या रँचवर करारावर सह्या केल्या. कारखानदारांसाठी शुल्क शून्य. लगेच कंपन्यांनी मॉडेलं वाटून घेतली. अमुक मॉडेल कॅनडातल्या कारखान्यातच होईल आणि दोन्ही देशांना तिथूनच जाईल, बाकीची अमेरिकेत होतील आणि उत्तरेला येतील. जनरल मोटर्सने कॅनडात जोडल्या जाणाऱ्या मॉडेलांची संख्या निम्म्यावर आणली. कारखाने मात्र बंद पडले नाहीत, उलट कॅनडातला रोजगार टिकला.

१९६८ चा फोटो: कॅनडाची निर्यात २.४ अब्ज, आयात २.९ अब्ज डॉलर. सहा वर्षांत.

त्रैराशिक

आकडे जबरदस्त आहेत. पण मॉडेलं कमी केली म्हणून ३० टक्क्यांची दरी कशी भरते? कामगार तेच, लाइन तीच.

चाकणचा चक्रम

भरते. कशी ते शॉपफ्लोअरवर उभं राहिलं की दिसतं. प्रेसशॉप घ्या. दाराचा बाहेरचा पत्रा एका दाबात होत नाही. आधी ड्रॉ, मग ट्रिमिंग, मग भोकं, मग कडा वळवायच्या. म्हणजे एका पॅनेलला चार-पाच डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, प्रत्येकाचं वजन टनांत. साठच्या दशकात एका प्रेसलाइनवरचे डाय बदलायला तासन्‌तास लागत. बदलल्यावरही पहिले काही पत्रे सुरकुततात किंवा फाटतात, डाय नीट बसेपर्यंत ते भंगारात जातात. मग सुपरवायझर काय करतो? डाय चढवलाच आहे तर एकदम सहा आठवड्यांचे पत्रे काढून ठेवतो. ते गोदामात पडून गंजतात, क्रेनने हलवताना पोचे पडतात, आणि मधेच डिझाइन बदललं तर सगळा लॉट बाद.

पेंटशॉपमध्ये रंग बदलला की पाइपलाइन सॉल्व्हंटने धुवायची. असेंब्लीत मॉडेलं जास्त असली की लाइनशेजारी सुट्या भागांच्या ट्रे वाढतात, माणूस चुकीचं ब्रॅकेट उचलतो, गाडी शेवटच्या तपासणीत अडकते आणि रिवर्कच्या रांगेत उभी राहते. शिवाय लाइन बॅलन्सिंग बिघडतं. एका मॉडेलला एका ठिकाणी ५० सेकंदांचं काम असतं, दुसऱ्याला ८० चं. लाइन ८० वरच चालवावी लागते.

यात कामगाराचा दोष शून्य. तोच माणूस एका मॉडेलच्या लाइनवर उभा केला की आकडे आपोआप वर जातात.

दशांशचिन्ह

@त्रैराशिक, तुमच्या नावाला शोभेल असं गणित करून दाखवतो. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत.

समजा एका मॉडेलचा डाय, जिग, डिझाइन असा स्थिर खर्च वर्षाला १०० कोटी, आणि प्रत्येक गाडीचा माल-मजुरी खर्च ५ लाख. लहान देशात वर्षाला १ लाख गाड्या खपतात, मोठ्या देशात १० लाख. दोन्हीकडे गिऱ्हाइकाला १० मॉडेलं हवीत आणि प्रत्येकाचा खप सारखा.

सीमा बंद असताना लहान देशात प्रत्येक मॉडेलच्या १०,००० गाड्या होतात. १०० कोटी भागिले १०,००० म्हणजे गाडीमागे १ लाख. गाडी पडली ६ लाखाला. मोठ्या देशात प्रत्येक मॉडेलच्या १ लाख गाड्या, गाडीमागे १०,००० रुपये, गाडी ५.१० लाखाला.

आता सीमा उघडा. लहान देशाने एकच मॉडेल बनवायचं, दोघांसाठी मिळून १ लाख १० हजार. मोठ्याने उरलेली नऊ. प्रत्येक मॉडेलवर स्थिर खर्च सुमारे ९,१०० रुपये. गाडी दोन्हीकडे ५.०९ लाखाला.

व्यापार काय झाला? लहान देशाने आपल्या मॉडेलच्या १०,००० गाड्या घरी ठेवल्या आणि १ लाख बाहेर विकल्या. उरलेल्या नऊ मॉडेलांच्या दहा-दहा हजार, म्हणजे ९०,००० गाड्या आणल्या. एक लाख गेल्या, नव्वद हजार आल्या. दोन्ही देशांत मजुरी सारखी, तंत्र सारखं, रिकार्डोचा फायदा शून्य धरला आहे. तरी व्यापार झाला आणि लहान देशातली गाडी ९१ हजारांनी स्वस्त पडली.

तुमच्या 'फुकटच्या डिझेल'ला इथे उत्तर आहे. गाडी पलीकडे न्यायचा खर्च ९१ हजारांपेक्षा कमी असेल तोवर ट्रेलर समोरासमोरून जाणंच स्वस्त. वाहतूक महाग आणि स्थिर खर्च कमी असेल तर हा खेळ बसत नाही. विटांचं बघा ना. भट्टी छोटी असली तरी चालते आणि माल वजनाच्या मानाने स्वस्त, म्हणून विटा लांब जात नाहीत.

हेही बघा की मोठ्या देशाची बचत फक्त एक हजार रुपये. लहान देशाचा फायदा डोळ्यांत भरतो, मोठ्याला जेमतेम कळतो.

हिरेमाणिक

मग आपला भारत यात जगात पुढेच असणार! सुरतेचा हिरा घ्या. आपण हिरे आयातही करतो आणि निर्यातही प्रचंड करतो. आयात-निर्यातीच्या मालाला दिलेला एचएस कोड ७१०२ उघडून बघा, दोन्ही बाजूंना मोठमोठे आकडे. एकाच उद्योगातला माल जातोही आणि येतोही, हाच तो उद्योगांतर्गत व्यापार. ऑटो पॅक्ट वगैरेंची गरजच नाही.

दशांशचिन्ह

@हिरेमाणिक, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घसरला. ७१०२ हा चार अंकी कोड आहे. सहा अंकांवर जा. येतो तो कच्चा हिरा, ७१०२३१. जातो तो पैलू पाडलेला, ७१०२३९. आपण कच्चा माल आणून त्यावर कारागिरी चढवून पाठवतो. त्यामागे कौशल्य आणि मजुरी आहे, म्हणजे रिकार्डोचाच माणूस वेश पालटून आला आहे. इथे मॉडेलं वाटून घेतलेली नाहीत.

खनिज तेलाचंही तेच. दोन अंकी २७ व्या प्रकरणावर हिशोब केला तर भारत तेल आणतोही आणि विकतोही. चार अंकांवर गेलात की कच्चं २७०९ मध्ये येताना दिसतं आणि डिझेल-पेट्रोल २७१० मध्ये जाताना. कोड जितका ढोबळ, तितका हा व्यापार खोटा फुगतो.

ज्यांना स्वतः करून बघायचं आहे त्यांच्यासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापार-आकड्यांच्या साठ्यावरून सहा अंकी आकडे घ्या, आणि एका वेळी एकच जोडीदार देश. निर्यात आणि आयात यांतला फरक काढा, उणे आला तरी अधिक धरा. त्याला दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर एकातून वजा करा. हा ग्रुबेल-लॉइड निर्देशांक. शून्य आला तर सगळा व्यापार एकतर्फी, एक आला तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. माझ्या वरच्या कल्पित देशांत फरक १०,०००, बेरीज १,९०,०००, निर्देशांक ०.९५.

विंडसरकरांचे आकडे टाका. १९६२: फरक ५०.३ कोटी, बेरीज ५३.५ कोटी, निर्देशांक ०.०६. १९६८: फरक ०.५ अब्ज, बेरीज ५.३ अब्ज, निर्देशांक ०.९१.

विंडसरकर

आणि यातली खरी गंमत: फरक दोन्ही वर्षी जवळपास ५० कोटी डॉलरच आहे! म्हणजे कॅनडाची तूट जागच्या जागी राहिली आणि निर्देशांक ०.०६ वरून ०.९१ वर गेला. कॅनडा सरकारला तूट कमी करायची होती म्हणून ही सगळी धडपड सुरू झाली होती. सहा वर्षांत बदलला तो उद्योगाचा आकार. वाढ बघितली तर निर्यात २.४ अब्जाने वाढली आणि आयातही तेवढीच.

तूट आणि हा निर्देशांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे टीव्हीवरच्या चर्चेत कधीच कुणी सांगत नाही. तुटीचा आकडा दिसला की लगेच आरडाओरडा.

गिरणगाव

सगळं गोड गोड चाललंय. मॉडेलं वाटून घेतली म्हणजे ज्या लाइनवरचं मॉडेल पलीकडे गेलं त्या लाइनवरच्या माणसाचं काय? 'उद्योग तोच, म्हणून कामगार सहज सामावतो' हे वाक्य फक्त कागदावर. माणूस ओंटारिओतल्या ओशावात राहतो आणि नवीन काम मिशिगनमध्ये निघतं.

विंडसरकर

@गिरणगाव, आक्षेप रास्त आहे. अमेरिकेलाही तो दिसला होता. १९६५ च्या अमेरिकन कायद्यात करारामुळे काम गेलेल्या कामगारांना भत्ता द्यायची खास सोय होती.

तरी गिरण्यांशी तुलना केली तर फरक आहे. कापड स्वस्त देशातून येऊ लागलं की सगळा धंदाच उठतो, आणि विणकराला दुसऱ्या शहरात नाही तर दुसऱ्या पेशात जावं लागतं. इथे एक मॉडेल गेलं आणि दुसऱ्याचं उत्पादन वाढलं. वेल्डर वेल्डरच राहतो. मोठ्या कारखान्यांत हे खरं ठरलं. गाळात गेले ते एकाच मॉडेलला एकच भाग पुरवणारे छोटे पुरवठादार.

कराराची ठिणगीही अशाच एका सुट्या भागावरून पडली. करारापूर्वी कॅनडा निर्यात करणाऱ्या कंपन्यांना आयात शुल्क परत देत असे. विस्कॉन्सिनमधल्या मोडाइन या रेडिएटर बनवणाऱ्या कंपनीने १९६४ मध्ये अमेरिकन सरकारकडे तक्रार केली की ही लपवलेली सबसिडी आहे, प्रतिशुल्क लावा. ते लागलं असतं तर दोन्ही देशांत शुल्कयुद्ध पेटलं असतं. त्यापेक्षा एकत्र बसून शुल्कच काढून टाकलं.

गिरणगाव

म्हणजे छोटा पुरवठादार मेला हे मान्य. धन्यवाद.

त्रैराशिक

प्रमाणाचा भाग पटला. पण मग 'मुक्त व्यापाराने झालं' असं म्हणायचं का? आणि गाड्या खरंच स्वस्त झाल्या का? दशांशचिन्हांच्या गणितातले ९१ हजार कुणाच्या खिशात गेले?

विंडसरकर

मुक्त व्यापार म्हणू नका. शून्य शुल्क कॅनडात फक्त कारखानदाराला होतं. सामान्य माणूस डेट्रॉइटला जाऊन गाडी घेऊन आला तर त्याला पूर्ण शुल्क भरावं लागे. कारखानदारालाही अटी होत्या. कॅनडात जितक्या गाड्या विकाल त्या प्रमाणात कॅनडात बनवा, आणि १९६४ ला कॅनडात जेवढं मूल्यवर्धन होत होतं त्याखाली जाऊ नका. शिवाय कंपन्यांकडून वेगळी हमीपत्रं लिहून घेतली होती की विक्री वाढेल तसा कॅनडातला हिस्साही वाढवू. म्हणजे मॉडेलांची वाटणी बाजाराने केली, पण एक पूर्ण हिस्सा कॅनडाच्या पदरात पडलाच पाहिजे हे सरकारने बघितलं.

म्हणूनच शेवटही झाला. जपान आणि युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की ही सवलत ठराविक कंपन्यांनाच आहे. २००० मध्ये निकाल कॅनडाविरुद्ध गेला आणि २००१ मध्ये करार संपला.

किमतींचं म्हणाल तर ग्राहकाला स्वतः आयात करता येत नव्हती, त्यामुळे कंपन्यांवर किंमत उतरवायचा दबाव कमीच होता. बचतीतला मोठा वाटा कंपन्यांकडे आणि पगारवाढीत गेला असं माझं मत. त्यावर वाद घालायला जागा आहे.

ताकभात

मला एक कळत नाही. सगळ्यांनी एकच मॉडेल बनवून सगळ्यांना तेच विकलं तर अजून स्वस्त पडेल की. मग दहा मॉडेलं हवीतच कशाला?

दशांशचिन्ह

@ताकभात, नेमका प्रश्न विचारलात. ११ लाख गाड्या एकाच मॉडेलच्या बनवल्या तर स्थिर खर्च गाडीमागे ९०९ रुपये. म्हणजे दहा मॉडेलं असण्याची किंमत गिऱ्हाईक गाडीमागे सुमारे ८,००० रुपये मोजतं. ५ लाखांच्या गाडीत आवडीची गाडी मिळायला ८,००० जास्त, बहुतेक लोक देतील. पण बंद लहान देशात तीच हौस ९०,००० ला पडत होती. तिथे एकतर महाग गाडी घ्या, नाहीतर मोजक्याच मॉडेलांवर भागवा. जुन्या भारतात आपण दुसरा रस्ता घेतला होता. अँबेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी.

विविधता आणि प्रमाण यांची ही रस्सीखेच गणितात बसवली ती अविनाश दीक्षित आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७७ मध्ये. दीक्षित मुंबईच्या सेंट झेवियर्सचे. या दोघांचं गणिती मॉडेल पॉल क्रुगमन यांनी व्यापाराला जोडलं आणि १९७९ मध्ये छापलं. तो लेख परीक्षकांनी नापसंत केला होता, तरी संपादकाने छापला. संपादक जगदीश भगवती, तेही मुंबईचेच. क्रुगमन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

उंटावरचा शहाणा

म्हणजे माल मुंबईचा, पॅकिंग मुंबईचं, बक्षीस अमेरिकेला. याचा एचएस कोड काय?

चाकणचा चक्रम

एक दुरुस्ती. वरची सगळी कहाणी साठच्या दशकातली आहे. आज डाय काही मिनिटांत बदलतात आणि एका लाइनवर चार वेगळी मॉडेलं एकामागून एक येतात. म्हणून 'एक कारखाना, एक मॉडेल' ही सक्ती ढिली झाली आहे. जोडणीचा कारखाना वर्षाला साधारण दोन लाख गाड्यांवर नीट चालतो, मग त्या एका मॉडेलच्या असोत की तिघांच्या, फक्त प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, एक हवा.

प्रमाणाचा जोर आता इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स इथे सरकला आहे. त्यामुळे सीमा ओलांडतात ते सुटे भाग. डेट्रॉइट आणि नदीपलीकडच्या कॅनडातल्या विंडसरमध्ये एकच कास्टिंग अर्धवट अवस्थेत जातं, मशीन होऊन येतं, इंजिनात बसून परत जातं. प्रत्येक फेरीला पूर्ण किमतीची नोंद होते. मग निर्देशांक वाढतो, पण तो ग्राहकाच्या आवडीमुळे नसतो, कामाच्या तुकड्यांमुळे असतो.

हिरेमाणिक

बरं, हिरे सोडा. वाहनांचे सुटे भाग घ्या. ते बनवणाऱ्यांच्या संघटनेचे, म्हणजे अ‍ॅक्माचे आकडे आहेत: २०२३-२४ मध्ये भारताची निर्यात २१.२ अब्ज डॉलर, आयात २०.९ अब्ज. दशांशचिन्हांच्या सूत्राने ०.९९. आता बोला! आपण कॅनडाच्याही पुढे.

दशांशचिन्ह

या वेळी कोड ढोबळ आहेच, पण मोठी चूक जोडीदाराची. हा आकडा सगळ्या जगाशी मिळून आहे. आयातीचा मोठा भाग आशियातून येतो आणि त्यात चीन सगळ्यात वर. निर्यातीत सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. चीनकडून इलेक्ट्रॉनिक्स घ्यायची आणि अमेरिकेला फोर्जिंग द्यायचं, हे दोन वेगवेगळे एकतर्फी व्यापार आहेत. बेरीज केली की ते एकमेकांना झाकतात आणि ०.९९ दिसतं. जर्मनीबरोबर वेगळा हिशोब करा, चीनबरोबर वेगळा करा, आणि 'सुटे भाग' ही मोट सोडून ८७०८४० म्हणजे गिअरबॉक्स, ८७०८३० म्हणजे ब्रेक असं बघा. चीनच्या रांगेत आकडा धाडकन खाली येईल.

तयार मोटारींत तर आपला निर्देशांक तसाही खालीच. चाकणहून मेक्सिकोला गाड्या जातात, पण उलट दिशेला शुल्काची भिंत आहे, येतात त्या मोजक्या आणि महाग.

तासगावकर बेदाणे

चर्चा वाचतोय. आमचा प्रश्न साधा आहे. तासगाव-सांगलीचा बेदाणा परदेशात जातो, आणि अफगाण बेदाणा इकडे येतो. दोन्ही ०८०६२०. निर्यातीसाठी रेसिड्यूचा रिपोर्ट कुठल्या लॅबचा चालतो? आणि हा बाहेरचा माल बंद केला तर आमचा भाव वाढेल का?

ताकभात

लॅबसाठी वेगळा धागा काढा हो काका, तिथे लवकर उत्तर मिळेल. पण दुसरा प्रश्न इथलाच आहे.

विंडसरकर

@तासगावकर, तुमच्या मालात प्रमाणाचा जोर फार नाही. शेडमध्ये रॅकवर सुकवायचं, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचं पाणी, हे एका एकरालाही तेच आणि पन्नासालाही जवळपास तेच. इथे जोर विविधतेचा आहे. बाहेरून येणारा काळा, बियांचा मनुका वैद्य लिहून देतो आणि लोक रात्री भिजवतात. तुमचा लांब हिरवा बेदाणा खिरीत आणि बेकरीत जातो. मनुका बंद केला तर ते गिऱ्हाईक हिरव्याकडे वळेल असं नाही. पण अफगाणिस्तानातून हिरवी किसमिसही येते, ती मात्र थेट तुमच्या मालाशी भिडते.

दशांशचिन्ह

यातला फरक ओळखायला एक ढोबळ चाचणी आहे. जाणाऱ्या मालाची किलोमागे किंमत काढा, येणाऱ्याची काढा, आणि एकाला दुसऱ्याने भागा. उत्तर ०.८५ ते १.१५ मध्ये आलं तर दर्जा सारखा, फरक आवडीचा. त्याबाहेर गेलं तर एकजण उंची माल विकतोय आणि दुसरा हलका. फक्त लक्षात ठेवा, भारत आयात भाडं आणि विमा धरून नोंदवतो आणि निर्यात बंदरापर्यंतच्या किमतीने. त्यामुळे भाडं जास्त असलेल्या मालात गुणोत्तर आपोआप सरकतं.

शिवाय वर्षाचा आकडा घेऊ नका, महिन्याचा घ्या. शेतमालात आपला हंगाम संपला की बाहेरचा माल येतो, आणि वर्षाच्या बेरजेत दोन्ही एकत्र दिसतात. ताज्या द्राक्षांत हे हमखास होतं. बेदाणा शीतगृहात टिकतो, त्यामुळे तुमच्याकडे ते कमी असेल.

खारघरवासी

भूगोलही धरा. कॅनडा पश्चिमेला अल्बर्टातून कच्चं तेल अमेरिकेला विकतो, आणि पूर्वेकडच्या रिफायनऱ्यांसाठी कच्चं तेल आयात करतो. त्यात ना विविधता ना प्रमाण. देश लांबलचक आहे आणि पाइपलाइन दक्षिणेला जाते, एवढंच कारण. सूत्र मात्र याला मोटारींच्याच पंक्तीला बसवतं.

त्रैराशिक

ठीक. माझ्या पहिल्या प्रश्नातलं 'फुकटचं डिझेल' मागे घेतो. ब्रँडच्या खुळाबद्दल मात्र अजून शंका आहे. ८,००० रुपये गिऱ्हाईक आनंदाने देतं की जाहिरात देववते, हे कुठल्याच सूत्रात दिसत नाही. आणि एक नवीन शंका: एवढी वाटणी केल्यावर एकाने उद्या भिंत बांधली तर?

चाकणचा चक्रम

तर एकाच मॉडेलवर बसलेला कारखाना सगळ्यात आधी अडकतो. एक लाख दहा हजारांसाठी डाय टाकलेत आणि घरचा खप दहा हजार. लाइन दुसऱ्या मॉडेलला वळवायची म्हटलं तर नवीन डाय, नवीन जिग, नवीन ट्रायल. वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

विंडसरकर

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क लावलं तेव्हा हाच प्रश्न ओंटारिओत आला. नाफ्टाच्या जागी आलेल्या कराराचे नियम पाळणाऱ्या गाड्यांना त्यात अमेरिकन भागांची किंमत वजा करून शुल्क लावायचं ठरलं. आता ज्या गाडीतलं कास्टिंग तीन वेळा नदी ओलांडून आलं आहे तिच्यात अमेरिकन भाग किती, हे ठरवायला किती कागद लागतात याचा अंदाज करा.

गिरणगाव

कागद भरायला माणसं लागतील. चला, रोजगार वाढला.

तासगावकर बेदाणे

किलोमागच्या किमतीचं करून बघतो. पण कोडमध्ये काळा आणि हिरवा एकत्रच आहे ना? मग किंमत कुठल्या मालाची निघणार?

दशांशचिन्ह

दोघांची सरासरी निघेल, म्हणून नुसत्या कोडवर विसंबू नका. आठ अंकांवरही रंग वेगळा निघत नाही. बाजार समितीच्या सौद्यातले हिरव्याचे आणि काळ्याचे वेगळे भाव घ्या, वाशीच्या घाऊक बाजारातला अफगाण मालाचा भाव घ्या, आणि त्याच महिन्याचे एकमेकांसमोर ठेवा. बाहेरचा हिरवा जास्त आला त्या महिन्यांत तुमचा हिरवा पडला आणि काळा जागेवर राहिला, तर तुमची तक्रार खरी. दोन्ही एकदम पडले असतील तर कारण दुसरीकडे शोधा, बहुतेक शीतगृहातल्या शिल्लक मालात सापडेल.